आडवी पडलेली केळी, सहावं बोट आणि आपली नजर

प्रश्न: ग्रुपवर आलेला एआयचा फोटो मी नजरेनेच ओळखतो. बोटं, अक्षरं, जास्तीची चकाकी पाहिली की कळतं. दहापैकी नऊ वेळा माझं बरोबर येतं. पण परवा रावेरकडच्या एका बागेचा फोटो आला, सगळी केळी एकाच बाजूला आडवी. मी लगेच लिहिलं, "एआय आहे, फॉरवर्ड करू नका." दुसऱ्या दिवशी कळलं फोटो खरा होता, तलाठी पंचनाम्याला जाऊन आले. शेतकऱ्याला लोकांनी खोटारडं ठरवलं ते वेगळंच. माझं कुठे चुकलं? खात्रीने ओळखायचं एखादं ॲप आहे का?

उत्तर:

भाऊ, ॲपचं शेवटी सांगतो. आधी त्या "दहापैकी नऊ"बद्दल बोलू, कारण घोळ तिथे आहे.

मी वीसेक वर्षं भुसावळला फोटो स्टुडिओ चालवला. लग्नं काढली, मध्ये एका दैनिकासाठी बातमीचे फोटो काढले. आता त्याच प्रकारच्या कामात वाचकांकडून आलेले फोटो छापण्याआधी तपासतो. तुमच्यासारखीच माझीही समजूत होती की आयुष्य फोटोत गेलंय, मला कोण फसवणार. ती उतरायला बराच वेळ लागला.

दहापैकी नऊ हा आकडा तुम्ही कसा काढला, ते आठवून बघा. जे फोटो तुम्हाला खटकले, त्यातले नऊ खरंच बनावट निघाले, असाच ना? पण जे खटकलेच नाहीत, पाहून पुढे सरकवले, त्यांचा हिशेब कुठे आहे? त्यातले किती बनावट होते हे सांगायला कोणी येत नाही. निसटलेला फोटो "मी निसटलो" म्हणून परत येत नाही. जाळ्यात आलेले मासे मोजून नदीत किती उरले हे कळत नाही, तसंच हे आहे. आपली चूक आपल्याला दिसतच नाही, म्हणून आत्मविश्वास वाढत जातो. तुमची ही एक चूक दिसली ती तलाठी गेले म्हणून. ते गेले नसते, तर हा फोटोही तुमच्या मनात "पकडलेल्यांत" जमा झाला असता.

दुसऱ्या बाजूने बघा. समजा महिन्याभरात ग्रुपवर १००० फोटो आले आणि त्यातले ५० बनावट आहेत. तुमची नजर चांगली आहे असं धरू. ५० पैकी ४० तुम्ही पकडता आणि खऱ्या फोटोंपैकी फक्त दहातल्या एकावर चुकून शंका घेता. खरे फोटो ९५०, त्यातला दहावा भाग ९५. म्हणजे तुम्ही एकूण १३५ फोटोंना एआय म्हटलं आणि त्यातले ९५ खरे होते. आकडे मी समजुतीसाठी धरलेत, तुमच्या ग्रुपवर प्रमाण वेगळं असेल. बनावट फोटो जितके जास्त, तितकी ही चूक कमी. पण खरे फोटो बहुसंख्येने असतील, तिथे बऱ्यापैकी नजरसुद्धा खऱ्या माणसांना खोटं ठरवते.

आता तुमचा केळीचा फोटो घेऊ. तुम्हाला काय खटकलं असेल याचा अंदाज मला आहे, कारण मलाही तेच खटकलं असतं.

पहिलं, सगळी झाडं एकसारखी, जणू कॉपी-पेस्ट. पण रावेर-यावलकडची बाग तुम्ही उभी पाहिली असेलच. टिश्यू कल्चरची ग्रँड नैन, सगळी रोपं एका दिवशी लावलेली, पाच बाय सहावर नाहीतर पाच बाय पाचवर, उंची सारखी, घड सारखे. ती रोपं एकमेकांची नक्कलच असतात. त्यात केळीचं खोड म्हणजे पानांच्या देठांची गुंडाळी, मुळं वरवर, डोक्यावर घडाचं वजन. वारा एका दिशेने आला की ओळीच्या ओळी एकाच बाजूला झोपतात. एआय ओळखण्यासाठी आपण "एकच नमुना पुन्हा पुन्हा" ही खूण शिकलो, आणि केळीची बाग ही मुळात तीच खूण आहे.

दुसरं, प्रकाश. वादळ उतरल्यावर संध्याकाळी पिवळसर उजेड पडतो. त्यावर मोबाईल एका क्लिकमध्ये अनेक फोटो घेऊन एकत्र करतो, सावल्या उजळतो, आकाश गडद करतो. आजचा साधा मोबाईलसुद्धा कॅमेरा कमी आणि चित्रकार जास्त आहे. "चकाकी जास्त" हा दोष आता प्रत्येक खऱ्या फोटोत सापडतो.

तिसरं, त्या शेतकऱ्याचा हात. तुम्ही झूम केला असेल आणि बोटं चिकटलेली दिसली असतील. हात हलत असताना अनेक फोटो एकत्र झाले की बोटांची पुसट सावली उरते, मग मोबाईल तिला टोकदार करतो, मग व्हॉट्सॲप दाबून लहान करतं. पाचाची चार किंवा सहा बोटं तिथे तयार होतात. मागच्या फलकावरची अक्षरंही तशीच. लांबून झूम करून काढलेलं देवनागरी मोबाईलने "सुधारलं" की ना मराठी, ना हिंदी असं काहीतरी उरतं.

म्हणजे चारही खुणा हजर आणि फोटो खरा.

याच्या उलट गोष्ट माझी. एका पावसाळ्यात हतनूर धरणाचा म्हणून एक फोटो आला. दरवाजे उघडलेले, पाणी फेसाळतंय, कठड्यावर छत्र्या घेतलेली माणसं. मी बोटं पाहिली, चेहरे पाहिले, पाण्यातलं प्रतिबिंब पाहिलं. कुठेही खोट नाही. पान लावणाऱ्याला मी "चालेल" म्हणून सांगितलंही. चहा घेताना पुन्हा नजर गेली आणि खटकलं ते वेगळंच. धरणाच्या मागे लगेच उंच हिरवेगार डोंगर उभे होते. हतनूर तापीच्या सपाट पट्ट्यात आहे. लांबच लांब बुटकं धरण, एका ओळीत ४१ दरवाजे. सातपुडा दिसलाच तर लांब, उत्तरेला. फोटोतलं धरण उंच, निमुळतं, घाटातलं होतं. कोणीतरी "पुराचं धरण" मागितलं आणि यंत्राने सगळ्या धरणांची मिळून एक सरासरी काढून दिली.

त्या दिवशी मी स्वतःवर खूश झालो. पण नंतर विचार केला तेव्हा कळलं की नजरेने मी आधीच हरलो होतो. मला वाचवलं ते हतनूरला दहा वेळा उभं राहिल्याने. तोच फोटो विदर्भातल्या एखाद्या धरणाचा म्हणून आला असता, तर तो पानावर लागला असता. आपण ज्याला "नजर" म्हणतो, त्यातला मोठा भाग ओळखीच्या गावाची, पिकाची, माणसांची माहिती असते. ओळखीच्या मुलखात ती चालते, म्हणून आपल्याला वाटतं की सगळीकडे चालेल.

हे फक्त तुमचं-माझं नाही. २०२२ मध्ये सोफी नाइटिंगेल आणि हॅनी फरीद या दोन संशोधकांनी लोकांना खरे आणि यंत्राने तयार केलेले चेहरे दाखवून ओळखायला सांगितलं. उत्तरं बरोबर आली ४८ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे नाणं उडवल्यासारखीच. दुसऱ्या गटाला आधी खुणा शिकवल्या आणि प्रत्येक उत्तरानंतर चूक-बरोबर सांगितलं, तरी आकडा ५९ पर्यंतच गेला. तो प्रयोग फक्त चेहऱ्यांचा होता, बागा-धरणांना तो जसाच्या तसा लावता येणार नाही. पण ते चेहरे २०२२ च्या आधीच्या तंत्राचे होते, हेही लक्षात ठेवा.

जाणकारही दोन्ही बाजूंनी पडतात. २०२३ मध्ये बोरिस एल्डागसेन या जर्मन छायाचित्रकाराने एआयने तयार केलेलं चित्र सोनीच्या जागतिक छायाचित्र स्पर्धेत दिलं, ते एका विभागात निवडलं गेलं आणि त्याने स्वतःच बक्षीस नाकारलं. पुढच्या वर्षी माइल्स ॲस्ट्रे याने उलटं केलं. फ्लेमिंगोचा खरा फोटो एका स्पर्धेच्या एआय विभागात दिला. परीक्षकांनी त्याला बक्षीस दिलं आणि खरं कळल्यावर तो बाद झाला. डोकं पिसात खुपसलेला पक्षी होता, म्हणून दिसताना मुंडकंच नाही असं वाटत होतं.

आणखी एक गोष्ट खुणांबद्दल. मार्च २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांचा पांढऱ्या फुगीर जॅकेटमधला बनावट फोटो जगभर फिरला, आठवत असेल. त्यात हाताची गडबड होती, नीट पाहिलं तर दिसत होती. तरी लोक फसले, कारण कोणी हात पाहिलाच नाही. शंका आली तर आपण खुणा शोधतो, आणि शंका येते ती न पटणाऱ्या मजकुरावर. आवडत्या पुढाऱ्याचा छान फोटो आला की झूम करायला बोटं उठत नाहीत. आता तर त्या जुन्या खुणाही गेल्या. सहा बोटं हा २०२२-२३ चा आजार होता, नवीन यंत्रं हात नीट काढतात. आपण गेल्या वर्षीच्या प्रश्नपत्रिकेवर या वर्षीची परीक्षा देतोय.

मग करायचं काय? माझ्या टेबलावर "हे एआय आहे का?" हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारतच नाही. फोटोसोबतचा दावा काय आहे, ते आधी एका ओळीत लिहितो: कुठे, कधी, काय झालं. कारण बऱ्याच वेळा फोटो शंभर टक्के खरा असतो, पण तीन वर्षांपूर्वीचा नाहीतर दुसऱ्या राज्यातला असतो. तो बोटांच्या परीक्षेत पहिल्या नंबराने पास होईल आणि तरी लोकांना फसवेल. कधी फोटो खरा आणि त्याचा एकच तुकडा बदललेला असतो. मे २०२३ मध्ये दिल्लीत ताब्यात घेतलेल्या कुस्तीपटूंचा पोलीस गाडीतला सेल्फी आला होता. मूळ फोटोत चेहरे गंभीर होते, बदललेल्या फोटोत तोंडावर हसू चढवलं होतं. गाडी खरी, माणसं खरी, फक्त हसू खोटं. "पूर्ण एआय की पूर्ण खरा" असा प्रश्न धरून बसलात तर असं काही हातून निसटतं.

एक प्रसंग सविस्तर सांगतो. साक्रीकडून गारपिटीचा फोटो आला, तळहातावर लिंबाएवढी गार, मागे झोपलेला कांदा. पाठवणाऱ्याने तो तिसऱ्याकडून घेतलेला. मी सगळ्यात आधी उलटं जात राहिलो: तुला कोणी पाठवला, त्याला कोणी. चौथ्या फोनवर ज्याने काढला तो माणूस मिळाला. त्याला म्हटलं, "दादा, तोच फोटो गॅलरीतून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, फोटो म्हणून नको." हे महत्त्वाचं आहे. फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप आकार कमी करतं आणि आतली माहिती काढून टाकतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवला की मूळ फाइल येते. `IMG-20250401-WA0012.jpg` अशा नावातली तारीखसुद्धा फोटो काढल्याची नसते, तो व्हॉट्सॲपवरून आला-गेला त्या दिवसाची असते. त्यावर विसंबून मी एकदा तोंडघशी पडलोय.

मूळ फाइल आली की संगणकावर एवढंच बघतो:

```
exiftool -DateTimeOriginal -Model -Software -DigitalSourceType photo.jpg
```

वेळ, मोबाईलचं मॉडेल, कुठल्या ॲपमधून गेला का, एवढं कळतं. `DigitalSourceType` पुढे `trainedAlgorithmicMedia` असं दिसलं, तर फोटो यंत्राने बनवला असं फाइलच सांगते आहे. पण ही माहिती रिकामी असणं म्हणजे काहीच नाही, आणि भरलेली असली तरी ती बदलता येते. गारपिटीच्या फोटोत वेळ दुपारी चारनंतरची होती, दाव्याशी जुळणारी. त्यावर मी थांबलो नाही.

"त्याच वेळी काढलेले बाकीचे फोटो पाठवा, बिघडलेलेही," असं म्हटलं. खरा माणूस एकच फोटो कधी काढत नाही. चार फोटो आले आणि नऊ सेकंदांचा व्हिडिओ. त्यातला एक नुसता जमिनीचा, हललेला, कोपऱ्यात त्याच्याच चपलेचं टोक. मला सगळ्यात जास्त पटवलं ते त्या फोटोने. बनवणारा माणूस चांगला फोटो बनवतो, निरुपयोगी फोटो बनवायला त्याला सुचत नाही. (हे आज खरं आहे. कोणी मनावर घेतलं तर चपलेचं टोकही बनवेल.)

मग फोनवर दोन-तीन साधे प्रश्न. कोणत्या बांधावर उभे होता? विहीर कोणत्या हाताला? शेजारच्या वावरात काय लावलंय? ज्याने काढलाय तो विचार न करता सांगतो, वर "त्या विहिरीचं काय सांगू" म्हणून पाच मिनिटं बोलतोही. उपग्रहाच्या नकाशावर विहीर आणि बांध जुळले. शेवटी फोटोशी संबंध नसलेल्या, शेजारच्या गावातल्या ओळखीच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, "आमनाकडेबी पडनी, पन बारीक." झालं. सगळं मिळून चाळीस मिनिटं लागली आणि गारेला किंवा बोटांना मी एकदाही झूम केलं नाही.

तुमच्याकडे चाळीस मिनिटं नसतील, हे मान्य. घरी बसून ग्रुपवर आलेल्या फोटोसाठी दोन गोष्टी पुरतात. गूगल लेन्समध्ये फोटो टाका, आधी पूर्ण, मग मधला महत्त्वाचा भाग कापून. जुना फोटो असेल तर बहुतेक वेळा तिथेच सापडतो. काहीच सापडलं नाही तर त्याचा अर्थ "नवीन" किंवा "बनावट" असा लावू नका. आजच शेतात काढलेला खरा फोटोही कुठे सापडणार नाही. दुसरं, एवढी मोठी घटना असेल तर ती आणखी कोणत्या कोनातून दिसली का ते बघा. धरणावर पन्नास माणसं उभी असतील तर पन्नास मोबाईल होते. एकच फोटो फिरत असेल, तर थांबा. उलट एखाद्या बांधावर एकटाच शेतकरी असेल, तर एकच फोटो असणं स्वाभाविक आहे. तिथे या नियमाचा उपयोग नाही, तिथे माणूसच शोधावा लागतो.

आता ॲप. फोटो टाकला की "८७ टक्के एआय" असं सांगणाऱ्या साइट आहेत, मीही वापरून पाहिल्या. व्हॉट्सॲपवर पाच वेळा फिरून चेपलेल्या फोटोवर त्या गोंधळतात. मोबाईलने उजळलेल्या खऱ्या फोटोला एआय म्हणतात आणि बनावट फोटोचा स्क्रीनशॉट घेतला की कधी कधी त्याला खरा म्हणतात. तो टक्का कशाचा, हे तुम्हाला-मला तपासता येत नाही. तुमचा केळीचा फोटो तिथे टाकला असता, तर कदाचित तुमचीच चूक आकड्यानिशी पक्की झाली असती. थोडं वेगळं आहे ते सिंथआयडीसारख्या अदृश्य खुणांचं. गूगलच्या साधनांनी बनवलेल्या चित्रात ती खूण असते. खूण सापडली, तर त्या चित्राला गूगलच्या यंत्राचा हात लागलाय हे बऱ्यापैकी पक्कं. मग तो पूर्ण बनवलेला की थोडा बदललेला, ते वेगळं बघावं लागतं. नाही सापडली, तर काहीच कळलं नाही, कारण दुसऱ्या कंपनीच्या यंत्राने बनवलेलं असू शकतं. "सापडलं" आणि "नाही सापडलं" यांची किंमत सारखी नसते. या कामातले बहुतेक गोंधळ ही गोष्ट विसरल्याने होतात.

राहिला प्रश्न तुमच्या नजरेचा. ती खरंच किती चांगली आहे हे बघायचं असेल, तर मी करतो ते करून बघा. एक वही घ्या. तपासण्याआधी अंदाज लिहा आणि त्यासमोर खात्री किती, दहापैकी. तपासल्यावर निकाल लिहा. आणि मुख्य म्हणजे फक्त खटकलेले फोटो घेऊ नका, न खटकलेल्यांतला प्रत्येक दहावा फोटोही तपासा. निसटलेले मोजायचा दुसरा मार्ग मला सापडलेला नाही. काही फोटोंचा निकाल लागतच नाही, तिथे "माहीत नाही" लिहा, ओढूनताणून बाजू देऊ नका. माझ्या वहीत सुरुवातीच्या महिन्यांत सगळ्यात वाईट कामगिरी कुठे होती माहीत आहे? जिथे मी दहापैकी नऊ लिहिलं होतं तिथे. सहा-सात लिहिलं तिथे मी फोन केले होते, नऊ लिहिलं तिथे केलेच नव्हते.

ग्रुपवर लिहितानाही "एआय आहे" हे दोन शब्द मी आता टाळतो. "हा कोणी काढला, कुठला आहे? कळेपर्यंत पुढे पाठवत नाही" असं लिहितो. फोटो बनावट असेल तर एवढ्याने थांबतो, खरा असेल तर काढणारा समोर येतो आणि कोणाच्या तोंडाला काळं लागत नाही.

तुमच्या त्या शेतकऱ्याचं मात्र आधी करा. दुरुस्ती नवीन मेसेजमध्ये टाकू नका, ती खाली वाहून जाते. तुमच्या जुन्या मेसेजलाच उत्तर म्हणून टाका, आणि तुमचा मेसेज ज्या ज्या ग्रुपवर गेला तिथेही. त्याच्याकडून मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून मागून घ्या आणि त्यालाही सांगा की मोबाईलमधून ते उडवू नकोस, त्या संध्याकाळचे बिघडलेले फोटोसुद्धा ठेव. विम्याच्या कामात उद्या कोणी "हे एआय वाटतंय" म्हणालं, तर दाखवायला त्याच्याकडे तेच असेल.